सोयाबीन विकून पीककर्ज एकरकमी भरलं, सोसायटीनं 'आठ महिन्यांचं' व्याज लावलं. दिवस धरायचे की महिने?

शेवग्याचं झाड · २० जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातून लिहितेय. आजवर सोसायटीचा सगळा व्यवहार आमचे बाबा बघायचे. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे पेरणीपासून भरण्यापर्यंत सगळं माझ्याकडे आलं.

गावच्या सोसायटीतून खरिपासाठी १,२०,००० रुपये पीककर्ज घेतलं होतं. पैसे दोनदा आले. १२ जून २०२४ ला ८०,००० आणि २० जुलैला ४०,०००. दोन्ही वेळा बाबांच्या जिल्हा बँकेच्या खात्यावर जमा झाले. सोयाबीन ३४ क्विंटल झालं. भाव वाढेल म्हणून जानेवारीपर्यंत घरात ठेवलं, पण हमीभाव ४,८९२ असताना आडतीवर एक्केचाळीसशेच्या वर कोणी जाईना. शेवटी विकलं आणि १८ जानेवारीला सगळं कर्ज एकदम भरून मोकळी झाले.

पावतीवर असं लिहिलंय: मुद्दल १,२०,०००, व्याज जून ते जानेवारी ८ महिने, दर ६ टक्के, ४,८००. एकूण १,२४,८००.

घरी येऊन कॅलेंडर घेऊन बसले. जूनचे पहिले अकरा दिवस आमच्याकडे पैसा नव्हता. जानेवारीही अजून संपलेला नाही. मग पूर्ण आठ महिने कसे? गटसचिव म्हणाले, "पहिल्यापासून असंच चालतं." कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

नांगरट · २० जानेवारी

ताई, ही सरळ सरळ लूट आहे. महिन्यावर व्याज धरलं की शेतकऱ्याचंच नुकसान होतं, नेहमी. बँकेचा नियम दिवसाचा आहे. १२ जून ते १८ जानेवारी मी मोजले, २२१ दिवस होतात. १,२०,००० चं वर्षाचं व्याज ७,२००. त्याला २२१ नं गुणा, ३६५ नं भागा, ४,३५९ रुपये येतात. तुमच्याकडून ४४१ रुपये जास्त घेतले. उद्याच जाऊन मागा, सोडू नका.

जुना गटसचिव · २१ जानेवारी

मी एकतीस वर्षं तीन सोसायट्यांचं दप्तर लिहिलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. नांगरट यांचा मुद्दा बरोबर आहे, दिवसच धरायचे असतात. पण त्यांच्या हिशोबात दोन गोष्टी राहून गेल्या आणि त्यातली दुसरी मोठी आहे.

पहिली गोष्ट दिवस मोजण्याची. उचल केली तो दिवस धरायचा, भरला तो दिवस सोडायचा. आम्ही नव्या माणसाला शिकवताना सांगायचो, पैसा किती रात्री शेतकऱ्याकडे मुक्कामाला होता तेवढ्या रात्री मोज. १२ जूनची रात्र मुक्काम होता. १८ जानेवारीच्या रात्री पैसा सोसायटीत परत आला. म्हणून जूनच्या १९ रात्री, जुलै ३१, ऑगस्ट ३१, सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ३१, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१ आणि जानेवारीच्या १७. बेरीज २२०. दोन्ही टोकं धरली की २२१ होतात. पुष्कळ सोसायट्यांत ही चूक वर्षानुवर्षं चालत आलेली असते. एका खातेदाराला वीस रुपयांचा फरक पडतो, पण चारशे खातेदार असले तर किती होतात ते बघा.

दुसरी गोष्ट, ताईंनी स्वतः लिहिलंय की पैसे दोनदा आले. मग १२ जूनपासून १,२०,००० वर व्याज कसं चालेल? ८०,००० वर २२० दिवस, आणि ४०,००० वर २० जुलैपासूनचे १८२ दिवस. दोन्ही वेगवेगळे काढायचे.

८०,००० चं वर्षाचं व्याज ४,८००. २२० दिवसांचं २,८९३ रुपये १५ पैसे.
४०,००० चं वर्षाचं २,४००. १८२ दिवसांचं १,१९६ रुपये ७१ पैसे.

मिळून ४,०८९ रुपये ८६ पैसे. पावतीवर ४,८०० आहेत. म्हणजे ७१० रुपये जादा.

आणि महिन्याच्या हिशोबात नेहमीच शेतकरी बुडतो असंही नाही. समजा सगळे १,२०,००० बारा जूनलाच मिळाले असते आणि सचिवानं प्रामाणिकपणे '७ महिने ६ दिवस' धरले असते, तर ४,३२० आले असते. दिवसावर तेच ४,३४० होतात. एकतीस दिवसांचे महिने मध्ये आले की महिन्याचा हिशोब उलट थोडा कमी येतो. तुमच्याकडे बिघडलं ते वेगळ्या जागी. अर्धा जून आणि अर्धा जानेवारी, दोन्ही पूर्ण महिने धरले गेले.

मळणी · २१ जानेवारी

माझं पण असंच झालंय. ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता सोळा दिवस उशिरा भरला तर पुढच्या उताऱ्यात दंडव्याज आणि त्यावर परत व्याज. एकरकमी भरून टाकलं तर व्याज कमी होतं का? किती सूट देतात?

शाखेतली सुमन · २१ जानेवारी

मळणी दादा, तुमचं प्रकरण वेगळं आहे. ट्रॅक्टरचं कर्ज मुदतीचं, अनेक वर्षांच्या हप्त्यांचं. इथे चर्चा आहे एका हंगामाच्या पीककर्जाची. त्याला हप्ते नसतात, पीक निघाल्यावर मुद्दल आणि व्याज एकदम भरायचं असतं. 'एकरकमी' या शब्दानं गोंधळ झाला असेल, कारण थकीत कर्जाच्या तडजोडीलाही तोच शब्द वापरतात. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन.

मूळ प्रश्नाबद्दल. मी राष्ट्रीयीकृत बँकेत शेतीकर्जाचं काम बघते. आमच्याकडे संगणक रोज रात्री त्या दिवशीची बाकी धरून व्याज मोजतो, त्यामुळे महिन्याचा प्रश्नच येत नाही. जुना गटसचिव दादांचा 'रात्री' मोजण्याचा नियम अगदी तोच आहे. आमचा दर तीन लाखांपर्यंत सात टक्के आहे, सोसायटीचा सहा, म्हणून आकडे वेगळे येतील, रीत एकच. आणि मुदत संपेपर्यंत पीककर्जावर व्याजावर व्याज लावता येत नाही. थकल्यावर मात्र चित्र बदलतं.

ज्यांना मोबाइलवर पडताळून बघायचं असेल त्यांनी शीटमध्ये हे टाका, दिवस आपोआप बरोबर येतात. भरल्याचा दिवस आपसूक सुटतो.

```
=80000*6*(DATE(2025,1,18)-DATE(2024,6,12))/36500
=40000*6*(DATE(2025,1,18)-DATE(2024,7,20))/36500
```

शेवग्याचं झाड · २१ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. शीटमध्ये टाकून बघितलं, पैशापर्यंत तेच आकडे आले. ४० हजारांचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता.

पण बाबा म्हणतात, सातशे रुपयांसाठी गावात वाईटपणा घेऊ नकोस. वेळेत भरलंय, तीन लाखांपर्यंत शून्य टक्के आहे, सगळं व्याज सरकारकडून खात्यावर परत येणारच आहे. मग ४,८०० भरले काय आणि ४,०९० भरले काय? याला माझ्याकडे उत्तर नाही.

जुना गटसचिव · २२ जानेवारी

बाबांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा.

शून्य टक्के म्हणजे व्याज लागतच नाही असं नाही. व्याज लागतं, आणि वेळेत भरणाऱ्याच्या वतीनं ते दोन ठिकाणांहून येतं. तीन टक्के केंद्राचं प्रोत्साहन, आणि तीन टक्के राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून. तीन आणि तीन सहा, म्हणून सोसायटीच्या सभासदाला शून्य. काही ठिकाणी सोसायटी फक्त मुद्दल भरून घेते आणि व्याजाचा दावा वर पाठवते. काही ठिकाणी, जसं तुमच्याकडे, आधी व्याज भरून घेतात आणि रक्कम आली की खात्यावर टाकतात.

आता मुद्द्याचं. ही सवलत तुमच्या पावतीवरच्या आकड्यावर मिळत नाही. दावा करताना प्रत्येक सभासदापुढे उचलीची तारीख, रक्कम, भरल्याची तारीख आणि दिवस असे रकाने असतात. त्या दिवसांवर तीन टक्के काढतात. दावा तपासणारा खातेवही उघडून तारखा जुळवतो. तुमचे खरे दिवस धरून केंद्राचे २,०४५ आणि राज्याचे २,०४५ येतील, म्हणजे ४,०९०. वरचे ७१० कुठल्याच दाव्यात बसत नाहीत. ते आज मागितले नाहीत तर ते कायमचे गेले.

आणि वाईटपणाचं म्हणाल तर भांडायला जाऊ नका. 'माझा खातेउतारा द्या' एवढंच म्हणा. सभासदाचा तो हक्क आहे. उताऱ्यावर दोन उचली दोन तारखांना दिसतात का, तेवढं आधी बघा. पुढचं बोलणं त्यावरून ठरेल.

करवीरकाठ · २२ जानेवारी

आमच्या कोल्हापूर भागात वेगळंच दुखणं आहे. आम्ही ऊसवाले स्वतः भरायला जात नाही. कारखाना बिलातून सोसायटीचं कर्ज कापून घेतो आणि सोसायटीकडे वर्ग करतो. गेल्या हंगामात माझ्या बिलाच्या पावतीवर कपात दिसते एका तारखेला, आणि सोसायटीच्या खातेवहीत जमा आहे त्यानंतर तेवीस दिवसांनी. कर्ज होतं दोन लाख चाळीस हजार. तेवीस दिवसांचं व्याज सहा टक्क्यांनी ९०७ रुपये होतं. माझ्या हातातून पैसा गेलेला, सोसायटीला पोचलेला नाही, आणि व्याज माझ्या नावावर चालू.

विचारलं तर सोसायटी म्हणते आमच्याकडे आला त्या दिवशी जमा केला. कारखाना म्हणतो आम्ही यादी वेळेत पाठवली. या दिवसांचं व्याज कुणी सोसायचं?

जुना गटसचिव · २२ जानेवारी

करवीरकाठ, यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी काम केलं तो भाग सोयाबीन-तुरीचा. खातेवहीच्या दृष्टीनं सोसायटीला पैसा मिळाला ती तारीखच धरावी लागते, कारण तिनं स्वतः जिल्हा बँकेकडून कर्ज घेतलेलं असतं आणि तिचंही व्याज त्या दिवसापर्यंत चालू असतं. पण तुमचा पैसा कारखान्यानं अडवून ठेवला असेल तर तो भार तुमच्यावर टाकणं न्यायाचं नाही. कपातीची पावती आणि जमा तारीख दोन्ही जोडून लेखी द्या. मी गेलो असतो तर सोसायटीकडे गेलो असतो, कारण वसुलीचा करार तिचा आणि कारखान्याचा आहे.

करवीरकाठ · २३ जानेवारी

लेखी दिलंय, दोघांनाही. सात महिने झाले.

पुण्याहून पाटील · २३ जानेवारी

मी पुण्यात नोकरी करतो, शेत वाशीम जिल्ह्यात, भाऊ बघतो. आमचं पण १,२०,००० च आहे, म्हणून हा धागा बारकाईनं वाचला. माझा साधा प्रश्न आहे. व्याज परत येणारच असेल तर ताईंनी जानेवारीत भरलंच कशाला? मुदत ३१ मार्चची आहे. सोयाबीन आणखी दोन महिने ठेवायचं, चार पैसे भाव वाढला तर फायदा, नाही वाढला तरी व्याज शून्य. मी भावाला सांगितलंय, ३१ मार्चलाच भर, एक दिवस आधी नाही.

नांगरट · २३ जानेवारी

एकदम बरोबर. फुकटचा पैसा जितके दिवस वापरता येईल तितके दिवस वापरायचा. मी पण तेच करतो.

शाखेतली सुमन · २३ जानेवारी

पाटील दादा, हिशोबापुरतं तुमचं म्हणणं खोटं नाही. पण ही ३१ मार्चची भिंत किती उंच आहे ते एकदा आकड्यात बघा.

ताईंचंच कर्ज घेऊ. रोजचं व्याज होतं १९ रुपये ७३ पैसे. जानेवारीतले दहा दिवस इकडे-तिकडे झाले तर दोनशे रुपयांचा प्रश्न. आता समजा त्यांनी ३१ मार्चला भरलं असतं. पहिल्या उचलीचे २९२ दिवस, दुसरीचे २५४. व्याज ५,५१० रुपये, आणि ते सगळं सवलतीतून परत. तेच एक एप्रिलला भरलं तर? एका दिवसाचे वीस रुपये वाढतात असं लोकांना वाटतं. तसं नाही. 'वेळेत भरलं' ही अटच मोडते, आणि प्रोत्साहनाचे तीन टक्के एका दिवसापुरते जात नाहीत, पहिल्या दिवसापासूनचे सगळे जातात. राज्याचेही तसेच. म्हणजे साडेपाच हजार रुपये अंगावर, फक्त एका रात्रीत.

आणि यंदा कॅलेंडर बघा. ३० मार्चला रविवार आणि गुढीपाडवा. ३१ तारखेला सोमवारी रमजान ईद येतेय. आमच्या शाखा वर्षअखेरमुळे उघड्या असतील कदाचित, पण गावच्या सोसायटीचं दार उघडं असेलच याची खात्री कोण देणार? शनिवारी २९ तारखेला पैसा आत नसेल तर शेवटच्या दिवसावर विसंबू नका.

दुसरं म्हणजे आडत्याकडून पैसे हातात यायला लागणारे दिवस. चेक दिला तर वटायला वेळ. हमीभाव केंद्रावर माल घातला असेल तर खात्यावर जमा व्हायला आणखी वेळ. माल २५ मार्चला विकला म्हणजे पैसा ३१ ला भरला जाईलच असं नसतं. मी दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अशी माणसं समोर बसलेली बघते. रक्कम खिशात असते, तारीख गेलेली असते. मला खूप वाईट वाटतं, पण संगणकात तारीख मागे नेता येत नाही.

पुण्याहून पाटील · २३ जानेवारी

एक तारीख उलटली तर सगळंच जातं हे माहीत नव्हतं. मला वाटायचं उशिराच्या दिवसांपुरतंच जास्त लागत असेल. भावाला आजच फोन करतो. मोबाइलवरून मी इथून भरलं तर चालेल का?

शाखेतली सुमन · २४ जानेवारी

आमच्याकडे कर्जखात्यावर थेट भरता येतं, त्याच दिवशी जमा धरतात. सोसायटीत मात्र तुम्ही जिल्हा बँकेतल्या भावाच्या बचत खात्यावर पाठवाल, आणि तिथून सोसायटीच्या कर्जखात्यात नोंद व्हायला वेगळं पाऊल लागतं. बचत खात्यावर पैसा पडून राहिला म्हणजे कर्ज भरलं असं होत नाही. भावाला जाऊन पावती घ्यायला सांगा.

गव्हाची_लोंबी · २४ जानेवारी

मी बुलढाणा जिल्ह्यातली. नवं-जुनं करणाऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. गेल्या मार्चमध्ये आमच्याकडे कापूस घरात होता, भाव पडलेले, विकवत नव्हतं. ह्यांनी गावातल्या एकाकडून १,२०,००० हातउसने घेतले, सोसायटीत भरले, एप्रिलमध्ये नवीन कर्ज मिळालं की परत करू म्हणून. आठ दिवसांत नवीन कर्ज आलं. त्या माणसानं तीन टक्के महिना लावला. आम्ही म्हटलं आठ दिवसांचे ९६० होतात. तो म्हणाला माझ्याकडे दिवस नसतात, महिना असतो. ३,६०० घेतले.

म्हणजे सोसायटीचं वर्षभराचं व्याज शून्य झालं आणि आठ दिवसांच्या उसन्याला छत्तीसशे गेले. ते आमच्या वहीत कुठेच दिसत नाहीत. वहीत आम्ही 'नियमित कर्जदार' आहोत.

जुना गटसचिव · २४ जानेवारी

लोंबी ताई, मनाला लागलं हो. मी दप्तरात असताना हे दरवर्षी डोळ्यांनी बघितलंय. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीच्या ओट्यावर नोटा मोजणारी माणसं आणि चार पावलांवर त्या नोटा देणारा माणूस. तेवढ्या रकमेच्या नोटा एप्रिलमध्ये परत त्याच्याकडे जायच्या. वसुली शंभर टक्के दिसायची. पीक विकून झालेली वसुली त्यात किती होती, ते कागदावर कधीच कळायचं नाही.

म्हणूनच मला शेवग्याच्या झाडाचं करणं पटतं. सोयाबीन कमी भावात गेलं हे दुःख आहेच. पण पीक विकून त्याच पैशानं कर्ज फिटलं. पाटलांचा मार्चपर्यंत थांबण्याचा हिशोब चूक नाही, त्यात फक्त एक धरा. मालाला ठेवायला जागा हवी, आणि वीस मार्चपर्यंत विकायची मनाची तयारी हवी. तेव्हाही भाव नसला आणि माणूस आणखी थांबला, तर तो लोंबी ताईंच्या वाटेला लागतो.

शाखेतली सुमन · २४ जानेवारी

इथे मी दादांशी थोडी असहमत आहे. जानेवारीत भरून टाकलं तर सोसायटीच्या सभासदाला नवीन खरीप कर्ज एप्रिलनंतरच मिळतं. मधल्या अडीच महिन्यांत घरात लग्न, दवाखाना काही निघालं तर तो सावकाराकडेच जातो. आमच्या किसान क्रेडिट कार्डात भरलेली रक्कम मर्यादेपर्यंत परत उचलता येते आणि उचलीच्या दिवसापासूनच व्याज लागतं. सोसायटीत ती सोय नसेल तर हातात थोडे पैसे राखून ठेवणंही शहाणपणाचं ठरू शकतं.

जुना गटसचिव · २५ जानेवारी

तुमचा मुद्दा मान्य. पण हातात राखलेले पैसे मार्चपर्यंत तसेच राहतात असं मी फार कमी घरांत बघितलं.

शेवग्याचं झाड · ३ फेब्रुवारी

काय झालं ते सांगायला आले. शनिवारी सोसायटीत गेले. बाबा काठी टेकत बरोबर आले, त्यांनीच आग्रह धरला. गटसचिवांना शांतपणे म्हटलं, खातेउतारा द्या. त्यांनी वही उघडली. मी फोनवरचा हिशोब दाखवला, आणि त्यांच्यासमोर जूनच्या रात्री बोटांवर मोजल्या. त्यांनीही माझ्याबरोबर मोजल्या. २२० आले तेव्हा ते म्हणाले, ठीक आहे, महिने चुकले. ४६० रुपये परत दिले, पावती दुरुस्त केली, त्यावर आता व्याज ४,३४० आहे.

पण ४०,००० चं गाडं अडलं. खातेवहीत पूर्ण १,२०,००० ची उचल १२ जूनलाच लिहिलेली आहे. ते म्हणतात, मंजुरी एकाच दिवशी झाली होती, रक्कम बँकेनं उशिरा सोडली, त्याला सोसायटी काय करणार. अजून २५० रुपयांचा प्रश्न आहे. बाबा आता म्हणतात, मोजलंच आहेस तर पूर्ण मोज.

नांगरट · ३ फेब्रुवारी

शाब्बास ताई. मी पण माझ्या गेल्या तीन वर्षांच्या पावत्या काढून बसलोय. दोन्ही टोकं धरण्याची चूक माझीही होती, ती सुधारून मोजतोय. २०२४ च्या फेब्रुवारीत २९ दिवस होते, तो एक दिवस धरायचा ना?

शाखेतली सुमन · ३ फेब्रुवारी

हो, ती रात्रही मुक्कामाची होती. धरायचीच.

जुना गटसचिव · ४ फेब्रुवारी

ताई, मंजुरीची तारीख आणि उचलीची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्याज उचलीपासून लागतं. आणि तुमच्या सचिवांचं एक वाक्य तुमच्याच बाजूचं आहे. बँकेनं रक्कम उशिरा सोडली, म्हणजे बँकेनं सोसायटीच्या नावेही ती २० जुलैलाच टाकली असणार. मग सोसायटीनं त्या ३८ दिवसांचं व्याज बँकेला दिलेलंच नाही, ते तुमच्याकडून घेण्याचं कारण उरत नाही.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. खातेवहीत १२ जून आणि बँकेच्या व्हाउचरवर २० जुलै असेल, तर सवलतीचा दावा तपासताना तारखा जुळणार नाहीत आणि तुमचं नावच बाजूला पडू शकतं. २५० रुपयांसाठी नाही, त्या चार हजारांसाठी ही नोंद दुरुस्त करून घ्या. बाबांच्या बचत खात्याच्या पासबुकात २० जुलैला ४०,००० जमा दिसेल. त्या पानाची झेरॉक्स जोडून सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. महिन्यात काही झालं नाही तर तीच प्रत जिल्हा बँकेच्या निरीक्षकाकडे, आणि मग तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे.

शेवग्याचं झाड · ४ फेब्रुवारी

पासबुक काढलं. मे महिन्यानंतर त्यात नोंदीच छापलेल्या नाहीत. उद्या सकाळी शाखेत जाऊन आधी छापून घेते, मग अर्ज लिहायला बसते. अर्जाचा मसुदा इथे टाकीन, दादा, एकदा बघून द्या.